कडुनिंब-हळद साबणाच्या वेष्टनावर नेमकं काय लिहावं?

अबोली_मानपाडा (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी घरी कोल्ड प्रोसेसने, म्हणजे न शिजवता, साबण करते. आजवर नात्यात, शेजारीपाजारी वाटत आले. यंदा आमच्या संकुलात दिवाळीआधी दोन दिवसांचं प्रदर्शन आहे आणि मैत्रिणींनी माझं नाव परस्पर देऊन टाकलंय. साबण तयार आहेत, अडलंय ते वेष्टनापाशी. डिझाइन करणाऱ्या मुलाने हौसेने मजकूर पाठवलाय, तो जसाच्या तसा देते:

"शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री कडुनिंब-हळद साबण. मुरूम, पुरळ, एक्झिमा व फंगल इन्फेक्शन मुळापासून घालवतो. अँटीबॅक्टेरियल. त्वचा उजळ करतो. पीएच ५.५. सर्व प्रकारच्या त्वचेसाठी व लहान बाळांसाठी सुरक्षित. २४ महिने टिकतो."

वाचून मलाच घाम फुटला. घाणा असा आहे: ऑलिव्ह तेल ४५० ग्रॅम, खोबरेल ३००, राईस ब्रान २००, एरंडेल ५०. कॉस्टिक सोडा १४१, पाणी २८२. गवती चहाचं तेल १५ ग्रॅम, एक छोटा चमचा हळद आणि दोन चमचे कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याची पूड. एका घाण्यात बारा वड्या होतात.

मला चार गोष्टी लिहायच्या आहेत: आत काय आहे, किती आठवडे सुकवलाय, कुणाच्या त्वचेला बरा, आणि किती दिवस टिकेल. औषधाचा आव आणायचा नाही. पण मग लिहिण्यासारखं उरतं काय, हेच कळेना.

गौरी_नेरुळ (शनिवार, रात्री १०:१५)

अबोलीताई, तो मजकूर छापायला देऊ नका. मी या धंद्यात आहे म्हणून आधी कोरडा भाग सांगून टाकते.

१९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात अंग स्वच्छ करायला, छान दिसायला लावतात ते प्रसाधन. आजार बरा करायला, कमी करायला किंवा टाळायला जे वापरतात ते औषध. साबण प्रसाधनात येतो. "एक्झिमा घालवतो" असं छापलं की तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला औषधाच्या खान्यात ढकललं. वडी तीच, पण वाक्यामुळे खाना बदलतो. मुरूम, फंगल, अँटीबॅक्टेरियल, सगळं उडवा. "त्वचा उजळ" पण उडवा, ते सिद्ध कशाने करणार?

दुसरं जास्त कडू आहे. विकण्यासाठी प्रसाधन बनवायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या एफडीएचा परवाना लागतो. घरचं आहे, थोडंसंच आहे म्हणून सूट नाही. वेष्टनावर परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता, घटक, वजन आणि वापरायची अखेरची तारीख हवी. मी स्वतः दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर माल करून घेते.

हरहुन्नरी (शनिवार, रात्री ११:०२)

गौरीताई, घाबरवू नका हो. दोन दिवसांच्या प्रदर्शनात कोण परवाना बघायला येतंय? चकली विकणाऱ्यांना विचारतं का कुणी?

आणि "केमिकल फ्री" मध्ये चूक काय? साबण चाळीस दिवस सुकवतात तेव्हा कॉस्टिक उडून जातो. त्यासाठीच तर सुकवतात. उरतं ते तेल आणि हळद. नैसर्गिकच झालं की.

एकच सांगा, टीएफएम, म्हणजे वडीतल्या स्निग्धाम्लांचा टक्का, किती? ७६ च्या खाली असेल तर तो साबण नाही, नुसती आंघोळीची वडी.

गौरी_नेरुळ (शनिवार, रात्री ११:२०)

चकलीवाल्यांनाही अन्न विभागाची नोंदणी लागते, दादा. असो. 😀

वाशीकर (रविवार, सकाळी ७:३०)

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या तेल-साबण कारखान्यात झाली, आता निवृत्त आहे. हरहुन्नरींच्या पोस्टमध्ये थोडं बरोबर आणि थोडं उलटं आहे.

कॉस्टिक उडून जात नाही. तो पाण्यासारखा वाफ होणारा पदार्थ नाही. तेलाशी त्याची क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, आणि बहुतेक क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकते. मापात घातला असेल तर तो तेव्हाच संपतो. जास्त पडला असेल तर चाळीस दिवस काय, चार महिने ठेवा, वडी तिखटच राहणार. हवेतल्या कार्बन डायॉक्साइडने वरवरचा थोडा सौम्य होतो, त्याची पांढरी भुकटी वर दिसते, पण त्या भरवशावर राहू नये.

अबोलीताईंचा हिशोब मी ताडून पाहिला. प्रत्येक तेलाला पूर्ण साबण व्हायला ठरावीक कॉस्टिक लागतो. खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३, ऑलिव्हला ०.१३५, राईस ब्रानला ०.१३३, एरंडेलाला ०.१२८. म्हणजे अनुक्रमे सुमारे ५५, ६१, २६.५ आणि साडेसहा ग्रॅम. बेरीज १४८ ते १४९. ताईंनी १४१ घातला, म्हणजे पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवलं. माप चोख आहे.

आता हे वेष्टनावर कसं उतरतं ते बघा. "केमिकल फ्री" खोटं आहे, कारण कॉस्टिकशिवाय, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडशिवाय, साबण होतच नाही. तयार बेस वितळवून ओतणाऱ्यांचाही कॉस्टिक कारखान्यात आधीच वापरलेला असतो. घटक लिहायचा क्रम वजनाने उतरता, घालतानाच्या वजनाप्रमाणे. तसं केलं की पाणी तिसऱ्या नंबरवर येतं: ऑलिव्ह तेल, खोबरेल, पाणी, राईस ब्रान तेल, सोडियम हायड्रॉक्साइड, एरंडेल, गवती चहाचं तेल, आणि शेवटी कडुनिंब पूड, हळद. कडुनिंब-हळद नावात सगळ्यात पुढे आणि यादीत सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक विचारेल. विचारू द्या, खरं तेच आहे.

पीएच ५.५ तर निखालस खोटं. खरा साबण अल्कधर्मीच असतो, साधारण ९ ते १०.५. तो ५.५ वर आणायला गेलात तर साबण फुटून पुन्हा तेलकट आम्ल वर येईल. ५.५ लिहिलेल्या वड्या बहुधा साबण नसतातच, त्या सिंथेटिक डिटर्जंटच्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण ती जात वेगळी.

टीएफएमचं वेगळं लिहितो, दूधवाला आलाय.

स्मिता_घोडबंदर (रविवार, सकाळी ९:०५)

विषय साबणाचा आहे म्हणून विचारते. आमच्याकडे घोडबंदर रोडला निम्मा महिना टँकर असतो. प्रदर्शनातून असाच हातचा साबण आणला होता, फेसच येईना आणि बादलीच्या कडेला पांढरी चिकट पुटं. केसही चिकट. साबण भेसळीचा होता का? बाईंना फोन केला तर म्हणाल्या, तुमचं पाणी खराब.

वाशीकर (रविवार, सकाळी ९:५०)

स्मिताताई, बाईंचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. टँकरचं पाणी बहुधा बोअरवेलचं असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जोडला गेला की न विरघळणारा साका होतो, तीच तुमची पुटं. महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी तीच वडी वापरून पाहा, फरक लगेच दिसेल. केसांना मात्र हा साबण लावूच नका.

करणाऱ्यांना यावर थोडा उपाय आहे. घाण्यात सायट्रिक आम्ल घातलं तर त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते हा क्षार धरून ठेवतं. मात्र दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक खातं. तेवढा कॉस्टिक वाढवला नाही तर वडी मऊ पडते. अबोलीताई, तुमच्या संकुलात टँकर येत असेल तर "जड पाण्यात फेस कमी येतो" एवढं वाक्य वेष्टनावर टाका. अर्ध्या तक्रारी तिथेच थांबतील.

अबोली_मानपाडा (रविवार, दुपारी १:१०)

काका, टँकर येतो. वाक्य घेतलं.

आता सुकवण्याचं. सगळीकडे "चार ते सहा आठवडे" लिहितात. मी दर आठवड्याला एकाच वडीचं वजन वहीत लिहिते. डिसेंबरचा घाणा कापला तेव्हा वडी ११८ ग्रॅम होती, चार आठवड्यांनी १०५, सहा आठवड्यांनी १०२, मग तिथेच थांबली. जुलैचा घाणा, तंतोतंत तोच, ११८ वरून चार आठवड्यांनी ११०, सहाव्याला १०९, आणि सातव्या आठवड्यात परत ११०! घाणा बदलला नाही, काटाही तोच. प्रदर्शनात जाणार आहेत त्या जुलैच्याच वड्या. त्यांच्यावर "सहा आठवडे सुकवलेला" लिहिलं तर ते खरं की खोटं?

हरहुन्नरी (रविवार, दुपारी १:४५)

ओव्हनमध्ये ठेवा की हलक्या आचेवर. दोन तासांत काम तमाम.

वाशीकर (रविवार, दुपारी ४:२०)

ओव्हन नको. वड्या वाकड्या होतील, गवती चहाचा वास जाईल, आणि सुकवणं म्हणजे निव्वळ पाणी काढणं नव्हे. त्या आठवड्यांत साबणाची आतली स्फटिकरचना बसत असते. म्हणूनच जुनी वडी न्हाणीघरात जास्त दिवस टिकते आणि हाताला कमी बुळबुळीत लागते.

वहीतले आकडे अगदी बरोबर आहेत आणि फार कामाचे आहेत. वडीमागे पाणी घातलंय साडेतेवीस ग्रॅम. डिसेंबरात त्यातलं सोळा ग्रॅम गेलं. जुलैत आठ-नऊच. ठाण्याची पावसाळी हवा स्वतःच ओली, ती साबणातलं पाणी घेणार कुठून? उलट साबणातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, म्हणून सातव्या आठवड्यात वजन वाढलं. वडीवर दवासारखे थेंबही आले असतील. साबण बिघडलेला नाही, पण सुकलेलाही नाही. म्हणून आठवडे मोजू नका, वजन मोजा. लागोपाठ दोन आठवडे वजन हललं नाही की वडी तयार. वेष्टनावर मात्र वजन स्थिरावेपर्यंत जितके आठवडे गेले तेच लिहा, प्रत्येक घाण्याचे वेगळे. जुलैच्या वड्यांना ऑक्टोबरचं ऊन मिळू द्या. पंखा लावा, बांबूच्या सुपात एका थरात अंतर ठेवून मांडा. लोखंडी जाळीवर नको, लोखंड लागलं की तेल लवकर खवट होतं.

एक शंका मात्र आहे. पावसाळ्यात कॉस्टिकची बरणी उघडी राहिली होती का? पापडी एकमेकांना चिकटलेली होती का?

अबोली_मानपाडा (रविवार, संध्याकाळी ६:००)

थोडी चिकटली होती. काट्यावर १४१ भरले म्हणून घातले.

वाशीकर (रविवार, संध्याकाळी ६:४०)

मग त्या १४१ मध्ये पाणीही होतं. शंभरात चार ग्रॅम ओल असेल तर खरा कॉस्टिक १३५ च्या आसपास, आणि शिल्लक तेल पाचऐवजी नऊ टक्के. वापरायला अपाय नाही, उलट हाताला मऊ लागेल. पण फेस कमी, वडी नरम, आणि शिल्लक तेल जास्त असल्यामुळे खवटपणा लवकर. टिकाऊपणाची तारीख टाकताना या घाण्याला डिसेंबरच्या घाण्याच्या रांगेत बसवू नका.

आता हरहुन्नरींचा टीएफएम. १००० ग्रॅम तेलातून सुमारे ९५० ग्रॅम स्निग्धाम्ल मिळतात, म्हणजे वडीमागे ७९. वडी १०२ ग्रॅमची असेल तर टीएफएम ७७ च्या घरात, ११० असेल तर ७२, कापली त्या दिवशी ६७. साबण एकच, फक्त पाणी कमी-जास्त. ७६ हा टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडचा आकडा आहे, तो खरा आहे. पण ७२ म्हणजे साबणच नव्हे, असं काही नाही. त्याच्या खालचेही ग्रेड आहेत. आणि प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय हा आकडा वेष्टनावर छापू नये. माझा हिशोब कागदावरचा.

हरहुन्नरी (रविवार, रात्री ८:१५)

बरं काका, कॉस्टिकचं मान्य. पण जिभेला लावून बघतात ना, तिखट नाही लागला तर संपलं. शाळेतल्या प्रयोगशाळेतलं ते गुलाबी होणारं औषध पण चालतं म्हणे.

वाशीकर (रविवार, रात्री ८:४०)

जिभेची परीक्षा ढोबळ पण उपयोगी. बोट ओलं करून वडीवर फिरवायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. झटका बसला तर कॉस्टिक मोकळा आहे. फिनॉल्फ्थॅलीन मात्र फसवतं. ते साडेआठ-नऊच्या वर गुलाबी व्हायला लागतं आणि चांगला साबणही तिथेच असतो. गुलाबी दिसलं म्हणून घाणा फेकून देऊ नका.

शार्दूल_ऐरोली (सोमवार, सकाळी ११:३०)

मुलगा सहा वर्षांचा आहे, कोपराच्या खाचेत सारखी खाज आणि लाल चट्टे. बायको म्हणते कडुनिंबाचा साबण आणा. अबोलीताई, हा त्याला चालेल का? दोन वड्या ठेवाल का?

अबोली_मानपाडा (सोमवार, दुपारी १२:०५)

शार्दूल, त्याला आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि साबण कोणता वापरायचा तेही त्यांनाच विचारा. तुमच्यासाठी वड्या आनंदाने ठेवीन, पण चट्ट्यांसाठी म्हणून देणार नाही. यात गवती चहाचं तेल आहे, चिडलेल्या त्वचेला ते झोंबू शकतं.

शार्दूल_ऐरोली (सोमवार, दुपारी १२:२०)

पण कडुनिंब तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. गुढीपाडव्याला खातोसुद्धा.

गौरी_नेरुळ (सोमवार, दुपारी १:००)

वापरतात, खरं आहे. पण इथे किलोभर तेलात दोन चमचे पूड आहे, ती कॉस्टिकच्या मिश्रणातून गेलेली, आणि वडी अंगावर राहते मिनिटभर. तिचा त्वचेवर परिणाम होतो की नाही हे अबोलीताईंनी तपासलेलं नाही, मग त्या तसं म्हणू शकत नाहीत. कडुनिंबाची पूड हिरवट-तपकिरी ठिपके देते आणि थोडा खरखरीतपणा देते, तेवढंच डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. तेवढंच लिहा. हळदीचंही तसंच. घाण्यात ती आधी लालसर होते, मग नारिंगी-पिवळी, आणि उजेडात फिकी पडत जाते. "उजेडात रंग उतरतो" हे वाक्य "त्वचा उजळते" पेक्षा गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचं आहे.

अबोली_मानपाडा (सोमवार, दुपारी ३:३०)

मग त्वचेचा प्रकार कुठल्या आधारावर लिहू? "सर्व प्रकारच्या त्वचेसाठी" मलाही पटत नाही. माझ्या जावेला हा साबण आवडतो, तिची त्वचा तेलकट. सासूबाईंना थंडीत हात ओढल्यासारखे वाटतात.

वाशीकर (सोमवार, संध्याकाळी ५:१०)

आधार तेलांच्या प्रमाणात आहे. खोबरेलात लॉरिक आणि मिरिस्टिक ही आम्लं मिळून दोन तृतीयांशाच्या आसपास. भरपूर फेस आणि मळ-तेल झटकन काढणं हे त्यांचं काम. तीस टक्के खोबरेल म्हणजे साबणात ती साधारण वीस टक्के. कोल्ड प्रोसेसवाले बारा ते बावीस ही पट्टी धरतात, म्हणजे तुमचा साबण त्या पट्टीच्या वरच्या टोकाला, स्वच्छ करणाऱ्यांतला. जावेला बरं वाटतं आणि सासूबाईंना ओढल्यासारखं होतं, दोन्हींचं कारण एकच. म्हणून "सामान्य ते तेलकट त्वचेला साजेसा" असं लिहिता येईल. कोरड्या त्वचेच्या लोकांसाठी वेगळा घाणा करा, खोबरेल पंधरावर आणा आणि ऑलिव्ह वाढवा. फेस कमी होईल आणि सुकायला जास्त वेळ लागेल, ते मान्य करून करा.

आणखी एक. "जास्तीचं ऑलिव्ह तेल त्वचेवर राहतं" असं लिहायचा मोह होईल. पाच टक्के तेल उरतं हे खरं, पण कोल्ड प्रोसेसमध्ये कोणतं उरेल ते आपल्या हातात नसतं. शेवटी घातलेलं तेलच उरतं असंही नाही, कॉस्टिक तेव्हाही बराच मोकळा असतो.

गौरी_नेरुळ (सोमवार, संध्याकाळी ६:००)

काका, "साजेसा" पर्यंत ठीक. मी एक पायरी पुढे जाऊन सुगंध-रंग नसलेल्या वडीवर "संवेदनशील त्वचेसाठी" लिहिते. बाजारात सगळेच लिहितात.

वाशीकर (सोमवार, संध्याकाळी ६:२५)

मी लिहिणार नाही. "सुगंध नाही, रंग नाही" लिहीन. ज्याची त्वचा नाजूक आहे तो त्यातून काय ते समजून घेतो. "संवेदनशील" म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, कुणीतरी तपासलंय.

गौरी_नेरुळ (सोमवार, संध्याकाळी ६:४०)

तपासून घेतलंय. 🙂 बाहेरच्या प्रयोगशाळेत पॅच टेस्ट करून घेतली, म्हणून लिहिते.

वाशीकर (सोमवार, संध्याकाळी ६:४५)

मग तुमचा हक्क आहे. अबोलीताईंनी केलेली नाही.

अबोली_मानपाडा (सोमवार, रात्री ९:००)

नाही केलेली. बाळांचा उल्लेखही काढते. आता शेवटचा प्रश्न, तारखेचा. ऑलिव्हच्या डब्यावर पुढच्या ऑगस्टची तारीख आहे, राईस ब्रानच्या पाकिटावर पुढच्या एप्रिलची. साबण जुलैचा. २४ महिने तर शक्यच नाही. १२ लिहू का?

गौरी_नेरुळ (सोमवार, रात्री ९:३०)

१२ चालेल. पाकिटावरची तारीख तेलाची असते, साबणाची नाही. तेलाचा साबण झाल्यावर तो वेगळाच पदार्थ झाला. राईस ब्रानमध्ये स्वतःचं व्हिटॅमिन ई आणि ओरिझेनॉल असतं, ते खवटपणा रोखतं. माझ्या राईस ब्रानच्या वड्या वर्षभर बिनडाग राहतात.

वाशीकर (मंगळवार, सकाळी ७:४५)

राहत असतील, पण तुमच्या वड्या कारखान्यात कोरड्या हवेत सुकलेल्या. राईस ब्रानच्या आम्लांपैकी साधारण तिसरा हिस्सा लिनोलिक, आणि ते हवेशी लवकर भांडतं. साबण झाल्यावरही ते लिनोलिकच राहतं, सोडियमला चिकटलं एवढंच. त्यातून इथे ओलसर कॉस्टिकमुळे शिल्लक तेल जास्त, हवा दमट. मी सर्वांत आधी संपणाऱ्या तेलाची तारीख धरीन, म्हणजे एप्रिल. नऊ महिने. मोजायचे ओतल्या दिवसापासून, सुकवणं संपल्यापासून नाही.

लक्षणं सांगतो. आधी वडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके येतात, मग जुन्या तळणीच्या तेलासारखा खवट वास. हळदीच्या वडीत ठिपके लवकर ओळखू येत नाहीत, तेव्हा नाकावर विसंबा. प्रत्येक घाण्यातली एक वडी वेष्टनासकट कपाटात ठेवून द्या आणि दर महिन्याला हुंगा. अशा ठेवलेल्या वड्या वर्षभर नीट राहिल्या की पुढच्या वर्षी १२ लिहा. आज तुमच्याकडे तो पुरावा नाही.

गौरी_नेरुळ (मंगळवार, सकाळी ८:३०)

नऊ महिने लिहिलं तर गिऱ्हाइकाला वाटेल, माल जुना आहे. मला अजूनही १२ च योग्य वाटतं.

हरहुन्नरी (मंगळवार, सकाळी ९:००)

मी तर आजीने दिलेला साबण तीन वर्षांनी वापरला. काही झालं नाही. वास मात्र पेंटच्या दुकानासारखा होता.

वाशीकर (मंगळवार, सकाळी ९:१०)

खवट झालेला होता तो.

अबोली_मानपाडा (मंगळवार, रात्री १०:२०)

सगळं वाचून लिहिलेला मजकूर. जुलैच्या घाण्यासाठी:

"कडुनिंब-हळद साबण. घरी, कोल्ड प्रोसेसने केलेला. घटक: ऑलिव्ह तेल, खोबरेल तेल, पाणी, राईस ब्रान तेल, सोडियम हायड्रॉक्साइड, एरंडेल तेल, गवती चहाचं तेल, कडुनिंबाच्या पाल्याची पूड, हळद. सोडियम हायड्रॉक्साइड साबण तयार होताना वापरला जातो. पाच टक्के किंवा थोडं अधिक तेल मुद्दाम शिल्लक ठेवलं आहे.

वजन स्थिर होईपर्यंत __ आठवडे सुकवलेला. पॅक करतानाचं वजन १०० ग्रॅम.

सामान्य ते तेलकट त्वचेला साजेसा. आंघोळीनंतर त्वचा ओढल्यासारखी वाटत असेल तर हा साबण तुमच्यासाठी नाही. गवती चहाच्या तेलाचा वास आहे. पहिल्यांदा वापरताना हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून धुवा आणि एक दिवस थांबा. जखमेवर, चिडलेल्या त्वचेवर व डोळ्यांजवळ लावू नये. चेहऱ्याला पूड किंचित खरखरीत लागेल.

जड पाण्यात फेस कमी येतो. उजेडात रंग फिका पडतो. वापरानंतर जाळीच्या साबणदाणीत पाणी निथळू द्या. पावसाळ्यात वडीला दव सुटू शकतं, पुसून वापरा. एप्रिल अखेरपर्यंत वापरावा. त्याआधीही खवट वास आल्यास वापरू नये."

आठवड्यांची जागा मोकळी ठेवली आहे. ऑक्टोबरात वजन थांबलं की हाताने लिहीन. वडी १०५ च्या खाली उतरत नसेल तर प्रदर्शनात नेणार नाही.

गौरी_नेरुळ (मंगळवार, रात्री १०:५०)

मजकूर उत्तम. "पाच टक्के किंवा थोडं अधिक" काढा, गिऱ्हाइकाला त्याचं काय? आणि परवान्याचं काय ठरलं?

अबोली_मानपाडा (मंगळवार, रात्री ११:०५)

टक्क्यांचं काढलं. परवान्यासाठी आयोजकांशी बोलले. मी टेबल लावणार, पण विक्री नाही. वड्या हाताळायला, हुंगायला ठेवणार आणि ज्यांना रस आहे त्यांची नावं लिहून घेणार. तुमच्या कारखान्याबद्दल व्यक्तिगत निरोप पाठवते. कमीत कमी किती किलोचा घाणा घेतात ते?

गौरी_नेरुळ (मंगळवार, रात्री ११:१२)

पन्नास. बाकी निरोपात.

स्मिता_घोडबंदर (बुधवार, सकाळी ८:००)

पन्नास किलो?! अबोलीताई, सायट्रिक आम्लवाला घाणा केलात तर माझं नाव सगळ्यात वर लिहा.

अबोली_मानपाडा (बुधवार, सकाळी ८:४०)

लिहिलं. काका, किलोभर तेलाला सायट्रिक आम्ल किती घालू, दहा की वीस ग्रॅम?

वाशीकर (बुधवार, सकाळी ९:१५)

दहाने सुरुवात करा. कॉस्टिक १४७ घ्या, आणि या वेळी नवीन, घट्ट झाकणाची बरणी.